हेरिंगबोनच्या फोटोतला गहाळ तुकडा: दोन्ही कडा जुळल्या, तरी उत्तर चूक?

सांजवारा

गहाळ तुकड्याचे प्रश्न सोडवतोय, म्हणजे मोठ्या नक्षीच्या फोटोत मधोमध पांढरा चौकोन आणि खाली चार पर्याय. रेघांच्या चित्रांत मला फारशी अडचण येत नाही. फोटो आला की मात्र गडबड होते.

कालचा प्रश्न असा. हेरिंगबोन पद्धतीने, म्हणजे आडव्या-उभ्या विटा एकमेकींना काटकोनात भिडवत तिरप्या पायऱ्यांसारख्या बसवलेली जमीन, बरोब्बर वरून काढलेला फोटो. विटेची लांबी रुंदीच्या दुप्पट. पांढरा चौकोन चार विटांच्या रुंदीएवढा, चारही बाजूंना नेमका सांध्यावर कापलेला. मी डावी कड पाहिली. तिथे सगळ्यात वरच्या ओळीत अर्धी वीट चौकोनात शिरते. उजव्या कडेलाही सगळ्यात वरच्या ओळीतच अर्धी वीट बाहेर जाते. पर्याय १ मध्ये या दोन्ही गोष्टी तंतोतंत होत्या, म्हणून १ लिहिलं. उत्तरसूचीत २ आहे.

छपाईची चूक म्हणायची का?

रिकामटेकडा

उत्तरसूची बरोबरच असणार. फोटो असेल तर नक्षीच्या नादाला लागायचंच नाही. कडेवरचा रंग पाहायचा. बाहेरचा रंग ज्या पर्यायात न तुटता आत वाहत जातो, तो पर्याय. मी तरी दहा सेकंदांत सोडवतो.

घरटं

माझ्याही घरी हाच प्रॉब्लेम झालाय! न्हाणीघरातली एक टाइल फुटली. त्याच डिझाइनची एक शिल्लक होती ती बसवली, पण नक्षी शेजारच्यांशी जुळत नाही. वेली मधेच तुटल्यासारख्या दिसतात. चार बाजूंपैकी कुठली वर घ्यायची, हे कसं ओळखतात?

अर्धविराम

घरटं, इथे परीक्षेतल्या प्रश्नांबद्दल चाललंय हो. :)

सांजवारा, वरची आणि खालची कड पाहिलीत का? तुमच्या पोस्टमध्ये फक्त डावी-उजवी आहे.

सांजवारा

नाही पाहिली. दोन बाजू जुळल्यावर उरलेल्या दोन आपोआप जुळतील असं वाटलं. आता पाहतो तर फोटोत वरून आणि खालून शिरणाऱ्या अर्ध्या विटा तिसऱ्या स्तंभात आहेत, पर्याय १ मध्ये त्या दुसऱ्या स्तंभात. म्हणजे चूक माझीच. पण मग डावी-उजवी दोन्ही कशा जुळल्या? योगायोग?

काटकोन

योगायोग नाही. पर्याय १ हा बरोबर तुकड्याचा आरसा आहे, डावं-उजवं उलटलेला. तुमच्या चौकोनात डाव्या आणि उजव्या कडेची अर्धी वीट एकाच ओळीत येते. त्यामुळे आरशात डावी-उजवीची अदलाबदल झाली तरी ओळ तीच राहते. स्तंभ मात्र बदलतो, तिसऱ्याचा दुसरा होतो. प्रश्न काढणाऱ्याने आरसा मुद्दाम ठेवलाय, कारण बहुतेक लोक डावीकडून वाचायला लागतात आणि एक-दोन कडा जुळल्या की थांबतात.

बरोबर तुकडा लिहून दाखवतो. एक अक्षर म्हणजे एक वीट. जे अक्षर एकदाच आलंय, त्या विटेचं दुसरं अर्ध चौकोनाच्या बाहेर आहे.

```
क च प ख
ट च ठ ठ
ट ड ड त
न न म त
```

क डावीकडे बाहेर जाते, ख उजवीकडे, प वर, म खाली. प्रत्येक बाजूला नेमकी एकच वीट कापली गेली आहे. फोटोत ती ओळखायला सोपी: कडेला लागून जो अर्ध्या लांबीचा, म्हणजे चौरस तुकडा दिसतो, तीच कापलेली वीट.

आता गंमत पाहा. या चार अर्ध्या विटा आत आणून ठेवा आणि बाकीचा चौकोन कोरा समजा. वरच्या ओळीतल्या दुसऱ्या घराच्या डावीकडे क, उजवीकडे प. त्याला जोडीदार फक्त खालीच मिळतो, म्हणून च उभी. खालच्या उजव्या कोपऱ्याच्या डावीकडे म आहे, म्हणून त सुद्धा उभी. उजव्या कडेच्या दुसऱ्या घराच्या वर ख, खाली त, म्हणून ठ आडवी. तिच्या डाव्या टोकाखालचं घर आता तीन बाजूंनी अडलं, म्हणून ड आडवी. डाव्या कडेचं दुसरं घर क आणि च यांच्यात अडलेलं, म्हणून ट उभी. उरलेली दोन घरं म्हणजे न. कुठेच ‘हे किंवा ते’ आलं नाही. चारही कडा खऱ्या अर्थाने पाहिल्या तर आतला भाग ठरूनच जातो.

भिंगरी

वा! काटकोनकाका, हे उपयोगाचं आहे. मी मुलांसाठी असे प्रश्न बनवते आणि माझी अडचण बरोबर उलटी. अशाच जमिनीचा फोटो घेतला, मधला तुकडा कापून उत्तर केला, आणि चुकीचे पर्याय म्हणून त्याच फोटोतून इकडचे-तिकडचे तीन चौकोन कापले. एका मुलीने वर्गात सांगितलं की दोन पर्याय सारखेच आहेत. खरंच सारखे होते. दोन्ही बरोबर! मला वाटलं होतं, वेगळ्या जागेवरून कापलं म्हणजे वेगळं असणारच.

काटकोन

हेरिंगबोनमध्ये एक घर उजवीकडे आणि एक घर वर सरकलात की नक्षी जशीच्या तशी परत येते. नुसतं आडवं सरकलात तर चार घरांनी परत येते. माझ्याच जाळीत बघा: एखादी ओळ एक घर उजवीकडे ढकलली, उजवीकडून बाहेर पडलेलं डावीकडून आत घेतलं, की तिच्या वरची ओळ मिळते. तुमचे दोन चौकोन नेमके अशा तिरप्या रेषेवर पडले असतील.

याचा दुसरा अर्थ असा की सांध्यांवर कापलेले चार बाय चारचे तुकडे एका जमिनीतून चारच प्रकारचे निघतात. कितीही मोठा फोटो असू दे. आरशातले चार धरले तर आठ. नव्वद अंशांत फिरवलेले तुकडे त्या आरशातल्या चारांतच येतात. या आठांपैकी डावी कड फक्त दोघांची जुळते, एक खरा आणि एक आरशातला. वरची कड त्या दोघांना नेहमी वेगळं करते. म्हणून माझी सवय अशी: एक उभी कड, एक आडवी कड, बस. समोरासमोरच्या दोन कडा पाहणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा विचारणं. सांजवारांचं तेच झालं.

सांजवारा

हे पटलं. ‘एकाच साक्षीदाराला दोनदा’ वहीत लिहून ठेवतो. मग पर्याय ३ आणि ४ चं काय? मला दोन्हींतल्या रेघा सारख्याच वाटतायत. दोन्हींत डावी-उजवीची अर्धी वीट सगळ्यात खालच्या ओळीत आहे, वर-खालची दुसऱ्या स्तंभात.

काटकोन

एक अर्धा फिरवलेला असणार आणि दुसरा एक घर आडवा सरकवून कापलेला. हेरिंगबोन अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी हेरिंगबोनच राहते, फक्त तिची जागा सरकते. या चौकोनात ती बरोबर एका घराने सरकते, म्हणून दोन्हींत रेघा त्याच. रेघा एकसारख्या असलेले दोन पर्याय दिसले तर फरक रेघांत नाही, उजेडात आहे. विटांच्या कडा घासलेल्या आहेत का? एका बाजूची कड उजळ आणि समोरची काळसर असेल. जो फिरवलाय त्यात ती उलटी दिसेल.

सांजवारा

हो! सगळ्या फोटोत विटांची वरची कड चकाकते. पर्याय ४ मध्येही वरचीच. पर्याय ३ मध्ये खालची चकाकते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

रिकामटेकडा

म्हणजे शेवटी उजेडावरच आलात ना! मी पहिल्यापासून तेच सांगतोय. नक्षी वगैरे सोडा, रंग आणि उजेड कडेवर जुळवा.

काटकोन

अर्धं बरोबर आहे तुमचं. उजेडाने ३ बाद झाला, पण ४ मध्ये उजेड बरोबर असूनही तो चूकच आहे. आणि रंग ‘न तुटता आत वाहतो’ हा तुमचा नियम एका फार नेहमीच्या नक्षीत तोंडावर आपटतो.

तीन छटांच्या समभुज चौकोनांची ती नक्षी डोळ्यासमोर आणा, जी पाहिली की ठोकळे रचल्याचा भास होतो. वरचा चौकोन फिका, डावा गडद, उजवा मधला. तीन मिळून एक षट्कोन. त्यातला नेमका एक षट्कोन कापून काढलाय असं धरा. पर्यायांत एक आहे तसाच, आणि एक अर्धा फिरवलेला, म्हणजे फिका खाली गेलेला. रेघा बघाल तर दोन्ही चपखल बसतात, सहाही कोपरे जुळतात. इथे हेरिंगबोनसारखं कडांवरून आतलं ठरत नाही.

आता रंग बघा. फिरवलेल्यात खाली गेलेल्या फिक्या चौकोनाला खालच्या दोन षट्कोनांचे फिके चौकोन येऊन चिकटतात. गडद उजवीकडे वर गेला, तर तिथल्या शेजाऱ्यांची त्याला लागणारी बाजूही गडद. मधल्या छटेचं डावीकडे तेच. सहाच्या सहा कडांवर रंग न तुटता आत वाहतो. आणि तो पर्याय चूक आहे.

रिकामटेकडा

थांबा, कागदावर काढून पाहतो.

रिकामटेकडा

काढलं. च्यायला. सहाही कडा खरंच जुळतात. मी डोळे झाकून हाच पर्याय निवडला असता.

पण मग तो चूक कशावरून? रेघाही बसतात, रंगही बसतात.

अर्धविराम

कारण बाकीच्या फोटोत एकाच छटेचे दोन चौकोन कडेला कड लावून कुठेही येत नाहीत. कुठलीही कड घ्या, दोन्ही बाजूंना वेगळी छटा. बरोबर तुकड्यात सहाही कडांवर छटा बदलते, चुकीच्या तुकड्यात एकाही कडेवर बदलत नाही. म्हणजे ‘माझ्या कडेवर रंग जुळतो का’ हा प्रश्न नाही. ‘इतरत्र अशा कडेवर काय होतं’ हे विचारायचं. बरोबर ना काका?

काटकोन

अगदी. आधी भोकाकडे बघायचंच नाही. नक्षी जिथे अखंड आहे तिथे भोकाच्या कोपऱ्यासारखा एक कोपरा शोधायचा, त्याच्याभोवती काय आहे ते पाहायचं, आणि मग तेवढंच अंतर सरकून पर्यायांकडे यायचं. रेव्हनच्या १९३८ साली आलेल्या प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस चाचणीचा पहिला संच याच घाटाचा आहे, मोठी नक्षी, एक तुकडा गहाळ, खाली सहा पर्याय. तिथे नक्षी छापील असते, म्हणून सरकवलेली नक्कल हुबेहूब मिळते. फोटोत ती थोडी बिघडते, आणि सांजवारांची पहिली तक्रार बहुधा त्याचीच होती.

सांजवारा

हो, तेच विचारणार होतो. कालचा फोटो वरून काढलेला होता म्हणून घरं मोजता आली. दुसऱ्या एका प्रश्नात जमीन समोरून, उभं राहून काढली आहे. लांबच्या विटा लहान होत जातात. तिथे सरकायचं कसं?

काटकोन

कॅमेरा सरळ धरलेला असेल, तिरपा कललेला नसेल, तर भोकाच्याच उंचीवर डावीकडे किंवा उजवीकडे जायचं. त्या पट्ट्यात विटांचं माप तेच राहतं. वर किंवा खाली गेलात की माप बदलतं आणि डोळा फसतो. उंची तीच ठेवली तरी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे लांब जाणाऱ्या सांध्यांचा कल. मधल्या रेषेच्या डावीकडे ते वर जाताना उजवीकडे झुकतात, उजवीकडे असतील तर डावीकडे. म्हणून भोक डाव्या भागात असेल आणि पर्यायातले सांधे डावीकडे झुकलेले दिसले, तर तो तुकडा उजवीकडून उचललाय किंवा आरशातला आहे. नक्षी मोजायच्याही आधी तो बाद.

भिंगरी

प्रश्न बनवणारी म्हणून सांगते, समोरून काढलेल्या फोटोत दुसरीकडून कापलेला चुकीचा पर्याय मापावरूनच ओळखू येतो. मुलं नक्षी बघतच नाहीत, ‘हा मोठा दिसतोय’ म्हणून सोडून देतात. म्हणून मी वरून काढलेलेच फोटो घेते. तिथेही एक भानगड आहेच. फोटोच्या कोपऱ्यांत उजेड कमी असतो. कोपऱ्यातून कापलेला तुकडा एका बाजूने काळवंडलेला निघतो आणि लगेच पकडला जातो. आता मी सगळे पर्याय भोकाच्या आसपासूनच कापते, आणि काकांचं वाचून कळलं की तिरप्या रेषेवरचे टाळायचे. एक घर, दोन घरं, तीन घरं आडवं सरकून तीन पर्याय, झालं काम.

काटकोन

झालं, पण मग आरसा राहिला. तीन सरकवलेल्यांत डावी कड एकट्या बरोबर पर्यायाचीच जुळते, म्हणजे मुलांनी एकच कड पाहिली तरी उत्तर मिळतं. एक तरी आरशातला ठेवा. मात्र उजेड बाजूने येत असेल तर आरसा उजेडावरून पकडला जाईल. उजेड वरून येणारा फोटो घ्या, डावं-उजवं उलटलं तरी वरची कड वरच चकाकेल.

अर्धविराम

माझा एक प्रश्न बरेच दिवस पडून आहे. चौरस टाइल, तिच्यावर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती पाव-पाव वर्तुळाच्या कमानी. अशा टाइल्स कशाही फिरवून बसवलेली भिंत, त्यात नियम काही नाही. एका प्रश्नात या भिंतीच्या फोटोतली एकच टाइल झाकली होती. कमानींची टोकं कायम बाजूंच्या मध्यावर येतात, त्यामुळे टाइल कशीही फिरवा, रेघा जुळतातच. सरकून पाहायला पुनरावृत्ती नाही. मग उत्तर कशावरून?

काटकोन

नक्षीवरून नाहीच. ही कल्पना फ्रेंच धर्मगुरू ट्रुशे यांच्या १७०४ च्या लेखातल्या कर्णाने दोन रंगांत दुभंगलेल्या टाइलपासून निघते, कमानी पुष्कळ नंतरच्या. टाइल्स सरमिसळ बसवल्या की शेजाऱ्यांवरून मधली ठरत नाही. माझ्या मते असा प्रश्न रद्द करायला हवा.

भिंगरी

मला नाही पटत. फोटो आहे ना? टाइलवरून गेलेली सावली असेल, एखादा ओघळ असेल, तडा असेल. तो दोन्ही बाजूंनी बाहेर दिसतो, पर्यायात तो जोडला गेला पाहिजे. मुलांनी तेही बघायला शिकावं.

काटकोन

मग तो सावलीचा प्रश्न झाला, नक्षीचा नाही. प्रश्नात ‘नक्षी पूर्ण करा’ लिहिलं असेल तर फसवणूक आहे.

अर्धविराम

प्रश्नात ‘चित्र पूर्ण करा’ असं होतं. आता यावर वाद घाला. :)

भिंगरी

मग माझा मुद्दा बरोबर!

काटकोन

‘चित्र’ म्हटल्याने सुटका होत नाही. आधीचे वीस प्रश्न नक्षीचे असतील तर मूल नक्षीच शोधत बसणार.

सांजवारा

दुसरा प्रश्न आत्ता परत सोडवला, तो समोरून काढलेला. भोक डावीकडे आहे. दोन पर्यायांचे सांधे डावीकडे झुकलेले, ते सोडले. उरलेल्या दोघांची डावी कड जुळत होती, म्हणून वरची पाहिली. ३ आलं. उत्तरसूचीतही ३. एक शंका राहिली: भोक सांध्यावर कापलेलं नसेल, विटेच्या मधूनच गेलं असेल, तर अर्धी वीट कशी ओळखायची? तिथे चौरस तुकडा दिसणारच नाही.

काटकोन

तेव्हा कडेपाशी दिसणाऱ्या भागाची लांबी मोजायची नाही, कडेला भिडणारे सांधे मोजायचे. भोकाच्या एका बाजूवर कुठकुठे सांधा येऊन थांबतो त्या जागा बोटाने धरायच्या आणि पर्यायाच्या त्याच बाजूवर त्याच जागी सांधे सुरू होतात का ते पाहायचं. उलट ते जास्त सोपं जातं, कारण कापणाऱ्याला सांध्याची जाडी लपवता येत नाही.

घरटं

परीक्षेचं आहे हे आता कळलं, माफ करा. पण माझं कुणी सांगेल का?

काटकोन

घरटं, उरलेली एखादी टाइल असेल तर उलटी करून पाहा. नक्षीच्या टाइल्सच्या मागे बऱ्याचदा बाण असतो. सगळ्यांचा बाण एकाच दिशेला ठेवून बसवतात. पाहणं फक्त एवढंच, की आधीच्या सगळ्या बसवताना कारागिराने बाण पाहिला होता का.

घरटं

शिल्लक होती ती एकच, आणि ती बसली भिंतीत. मागचा बाण आता कसा बघू?

अर्धविराम

भिंतीचा समोरून फोटो काढा, ती टाइल पांढरी करा, तीच टाइल चार दिशांना फिरवून चार पर्याय करा आणि इथे टाका. सांजवारा सोडवतील.

सांजवारा

टाका. पण वेलीची एक उभी कड आणि एक आडवी कड नीट दिसू द्या.